चौतिसाव्या वर्षी सरकारी खात्यात जाताना: पगाराचा, घराचा आणि २४ वर्षांचा हिशेब

सर, मी स्थापत्य अभियंता आहे, वय ३४, खुला प्रवर्ग. पुण्यात एका खासगी बांधकाम कंपनीत ११ वर्षे झाली. हातात ९२ हजार पडतात, मूळ पगार ४८ हजार. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निवड यादीत कनिष्ठ अभियंता म्हणून नाव आले आहे, पण नेमणूक पुण्याबाहेर होईल असे दिसते. घराचा हप्ता ३१ हजार, कर्ज २७ लाख बाकी. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका आहे, पगार ४० हजार. मुलगी पाच वर्षांची. आईवडील कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत. घरचे म्हणतात, सरकारी नोकरी सोडू नकोस. कंपनीला ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते. काय करू?

नमस्कार,

आधी पगार मांडू, कारण बाकीचे सगळे त्यावर उभे आहे. कनिष्ठ अभियंत्याची वेतनश्रेणी एस-१४, म्हणजे ३८,६०० ते १,२२,८००. तुमची ११ वर्षे इथे मोजली जात नाहीत. वेतन संरक्षण आधीच्या शासकीय किंवा निमशासकीय सेवेला मिळू शकते, खासगी नोकरीला नाही. त्यामुळे मूळ वेतन ३८,६०० वरच सुरू होईल, तुमच्याबरोबर रुजू होणाऱ्या २३ वर्षांच्या मुलाइतकेच. जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के महागाई भत्ता धरला तर २१,२३० रुपये त्यात मिळवा. तालुक्याच्या गावी घरभाडे भत्ता १० टक्के, म्हणजे ३,८६०. वाहतूक भत्ता धरून बेरीज साधारण ६५ हजार होते. त्यातून मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के रक्कम, ५,९८३ रुपये, निवृत्तिवेतन खात्यात कापली जाते. व्यवसाय कर आणि गट विमा वजा जाऊन हातात ५७-५८ हजार राहतील. शासन त्याच खात्यात १४ टक्के, म्हणजे ८,३७६ रुपये दरमहा भरते. ती तुमची कमाईच आहे, पण तिने हप्ता भरता येत नाही.

आता घर. आज दोघांचे १ लाख ३२ हजार येतात, हप्ता जाऊन १ लाख १ हजार उरतात. रुजू झाल्यावर ९८ हजार येतील, हप्ता जाऊन ६७. त्यातून तुमची तिकडची खोली, जेवण आणि महिन्यातून दोन-तीनदा पुण्याच्या फेऱ्या यांचे १८ हजार काढा. घरात ४९ हजार राहतात. म्हणजे घरखर्चाला आज आहे त्याच्या निम्मेही नाही. बहुतेक जण ९२ वजा ५८ एवढेच करतात आणि दोन चुलींचा खर्च विसरतात. तंगी तिथूनच सुरू होते.

यावर उपाय आहे, पण तो राजीनाम्याच्या आधी करायचा. गृहकर्ज फेडण्यासाठी भविष्य निर्वाह निधीतून नोकरीत असतानाच रक्कम काढता येते. समजा आठ लाख निघाले आणि ते कर्जात भरले, तर २७ लाखांचे १९ होतील आणि हप्ता ३१ हजारांवरून २२ हजारांच्या आसपास येईल. मात्र बँकेला लेखी सांगा की मुदत तीच ठेवून हप्ता कमी करा. न सांगितल्यास बँका सहसा हप्ता तोच ठेवून मुदत घटवतात, आणि तुमची महिन्याची अडचण जशीच्या तशी राहते. हे केल्यावर घरात ५८ हजार उरतील. म्हातारपणाच्या पैशाला हात लावणे एरवी मला पटत नाही. पण तुमच्याकडे यापुढे शासनाचे १४ टक्के जमा होणार आहेत, आणि पहिली पाच वर्षे निभावणे हीच तुमची खरी परीक्षा आहे.

ग्रॅच्युइटी तुमची हक्काची आहे, कारण पाच वर्षे कधीच उलटली. मूळ पगार ४८ हजार गुणिले १५, भागिले २६, गुणिले ११ वर्षे: साधारण ३ लाख ४ हजार. ही रक्कम कर्जात घालू नका, बाजूला ठेवा. नव्या माणसाचा पहिला पगार वेळेवर येईल असे धरून चालू नका. सेवापुस्तक उघडायचे, पगार काढणाऱ्या सेवार्थ प्रणालीत नाव चढायचे, निवृत्तिवेतन खात्याचा क्रमांक मिळायचा. दोन-तीन महिने सहज जातात. थकबाकी एकत्र मिळते, पण हप्ता थांबत नाही.

निधीबरोबरच्या पेन्शनचे पैसे काढता येतील असे समजू नका. सेवा दहा वर्षांवर गेली की ती रक्कम काढता येत नाही. योजना प्रमाणपत्र घेऊन ठेवा, त्यावर ५८ व्या वर्षी थोडी का होईना पेन्शन सुरू होते. कंपनी सोडताना हे प्रमाणपत्र घेणे राहिले, तर वीस वर्षांनी जुन्या कंपनीचे कागद शोधत फिरावे लागते.

आईवडिलांचा मेडिक्लेम कंपनीबरोबर संपेल. नोटीस सुरू असतानाच त्याच विमा कंपनीकडे सामूहिक पॉलिसी वैयक्तिक करून मागा, म्हणजे जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. अर्ज मुदत संपण्याच्या बराच आधी जायला हवा. हप्ता वयाप्रमाणे जड असेल, तो वरच्या ५८ हजारांतून वजा करा.

आता मिळते काय ते पाहू. बांधकाम क्षेत्रात प्रकल्प संपला की पुढच्या कामाची वाट पाहणे आणि पंचेचाळिशीनंतर साइटवर तरुण अभियंता स्वस्त पडणे, हे तुम्ही जवळून पाहिले असेल. परिविक्षा काळ पार पडला की तो धाक जातो. महागाई भत्ता वाढतो, दरवर्षी ३ टक्के वेतनवाढ मिळते, वर्षाला ३० दिवस अर्जित रजा जमा होते. हे खरे आहे. पण उशिरा आलेल्याला या व्यवस्थेचा पूर्ण लाभ मिळत नाही, आणि ते तुम्हाला कोणी सांगितले नसेल. पदोन्नती न झाल्यास आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांनी वरची श्रेणी मिळते. तुमच्या बाबतीत ते ४४ आणि ५४ ला. तिसरा लाभ ६४ ला येतो, निवृत्ती ५८ ला आहे. केंद्राच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या पूर्ण निम्म्यासाठी २५ वर्षांची सेवा लागते. राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये ही योजना स्वीकारली. तुमची सेवा होते २४ वर्षे. म्हणून पर्यायाचा फॉर्म समोर आला की सहकाऱ्याचे पाहून सही करू नका. त्या दिवशी लागू असलेल्या शासन निर्णयात सेवेच्या वर्षांची अट काय आहे ते वाचून मगच पर्याय द्या.

ज्येष्ठतेचेही तसेच. तुमचा उपविभागीय अभियंता सत्तावीस वर्षांचा असू शकतो, थेट लोकसेवा आयोगातून आलेला. त्याच्यापुढे फाइल ठेवताना मन खट्टू होत असेल तर आताच विचार करा. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ असल्याने अभियांत्रिकी सेवेची परीक्षा तुम्हालाही अजून देता येते. तेव्हा अर्ज विभागामार्फत, योग्य मार्गानेच करा. तसे केले नाही तर पुढच्या पदावर या सेवेचे वेतन संरक्षण मिळवताना अडचण येते.

कामाचा सर्वात मोठा बदल एका वहीत आहे: मोजमाप पुस्तिका, खात्यात जिला एमबी म्हणतात. कंपनीत बिलाची मोजणी तुम्ही संगणकावर करता, चुकली तर पुढच्या बिलात दुरुस्त होते. इथे नोंदीखाली तुमची सही, आणि तिच्यावर शासनाचा पैसा बाहेर पडतो. पान क्रमांकित असते, फाडायचे नाही. आकडा चुकला तर खोडरबर नाही, वर गिरवणे नाही. एक रेघ मारायची, खरा आकडा लिहायचा, बाजूला सही आणि तारीख. समजा डांबरी थराची जाडी पुस्तिकेत ५० मिलिमीटर लिहिली आणि दोन वर्षांनी काढलेल्या नमुन्यात ४० निघाली. तुमची बदली झालेली असली तरी नोटीस तुम्हालाच येते, मग वसुली आणि विभागीय चौकशी. कंत्राटदाराच्या माणसाने टेप धरला, आपण सावलीत उभे राहून आकडे लिहिले, इथून हे सुरू होते. टेपचे एक टोक पहिल्या दिवसापासून स्वतःच्या हातात ठेवा. खासगी कामाची तुमची नजर इथे उपयोगी पडेल, कारण पाणी कुठे मुरते ते तुम्हाला ठाऊक आहे.

बाहेरचे नकाशे, सल्लागारी, मित्राच्या फर्ममधली भागीदारी असेल तर ती रुजू होण्याआधी बंद करा. १९७९ च्या वर्तणूक नियमांत खासगी धंदा चालत नाही आणि मालमत्तेचे विवरणही द्यावे लागते. बदलीचा साधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे. पती-पत्नी एकत्रीकरणाचा आधार मुख्यतः दोघेही शासकीय सेवेत असतील तर लागतो, तुमची पत्नी खासगी शाळेत आहे. त्यामुळे मुलगी चौथीत जाईपर्यंत पुण्यात याल असे गृहीत धरून कोणताही निर्णय घेऊ नका.

माझे मत: जा, पण तीन गोष्टी जुळल्या तरच. हप्ता २२ हजारांपर्यंत खाली आला पाहिजे, ग्रॅच्युइटीचे तीन लाख हाताशी राहिले पाहिजेत, आणि पत्नीने तीन वर्षे मुलगी आणि आईवडील एकटीने सांभाळायची तयारी स्वतःच्या तोंडाने सांगितली पाहिजे. यातली एक जरी हुकली, तर कंपनीत राहून ३८ व्या वर्षापर्यंत वरच्या पदाची परीक्षा देणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. कारण अर्धवट तयारीने गेलेला माणूस वर्षभरात राजीनामा देतो, आणि तेव्हा जुनी खुर्चीही उरलेली नसते.

निवड यादीवर राजीनामा देऊ नका. यादी न्यायालयात अडकू शकते, कागदपत्र पडताळणीत नाव मागे पडू शकते. नियुक्ती आदेश हातात आला की त्यातली रुजू होण्याची मुदत पाहा. ती बहुधा ३० दिवसांची असते आणि तुमची नोटीस ९० दिवसांची आहे. त्याच आठवड्यात दोन पत्रे लिहा. एक नियुक्ती प्राधिकाऱ्याला: सध्याच्या नोकरीचा नोटीस कालावधी नमूद करून मुदतवाढ मागणारे, सोबत कंपनीच्या नियुक्तीपत्राची प्रत. मंजुरी लेखी घ्या, कारण मंजूर मुदतीत रुजू न झाल्यास ज्येष्ठता मागे जाऊ शकते. दुसरे कंपनीला: उरलेल्या दिवसांचा पगार कापून लवकर मोकळे करा, असे. कार्यमुक्तीचे पत्र आणि अनुभवाचा दाखला मात्र निघण्याच्या दिवशीच हातात घ्या.