दुसऱ्याचं बोलणं साक्षीत आलं की तो ऐकीव पुरावाच का?

प्रश्न: साक्षीदाराने "अमुक मला असं म्हणाला" असं कोर्टात सांगितलं, तर तो दर वेळी ऐकीव पुरावा म्हणून बाद होतो का?

नाही. ते बोलणं कशासाठी पुढे केलंय, ते आधी बघा.

सुब्रमण्यम खटला (१९५६, प्रिव्ही कौन्सिल) घ्या. मलायात आरोपीकडे काडतुसं सापडली. त्याचा बचाव असा की दहशतवाद्यांनी पकडून जिवाची धमकी दिली होती. खालच्या न्यायाधीशांनी, धमकी देणारे साक्षीला आलेले नाहीत, म्हणून ते संभाषण ऐकीव ठरवून सांगूच दिलं नाही. प्रिव्ही कौन्सिलने शिक्षा रद्द केली. धमकी खरी करून दाखवली असती की नाही, हा मुद्दाच नव्हता. ती ऐकून त्याला मरणाची भीती वाटली का, हा होता. आणि शब्द कानावर पडले होते, हे तो स्वतः शपथेवर सांगू शकत होता.

आता उलट बाजू. "शेजारी म्हणाला, सुरा त्यानेच मारला" हे सुरा मारल्याचं सिद्ध करायला सांगितलं, तर ते संबंधित असूनही ग्राह्य नाही, कारण उलटतपासणीला शेजारीच हवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम ५५ (जुनं ६०) हेच सांगतं. मृत्यूपूर्व जबानी मात्र कलम २६ खाली अपवाद म्हणून चालते.