स्क्रीनवरचा फोटो आणि छापलेला फोटो: कोणती प्रत छपाईला द्यावी?

प्रश्न: आईच्या एका फोटोच्या तीन प्रती करून ठेवल्या आहेत. लॅपटॉपवर त्यांतली सर्वांत उजळ प्रत उत्तम दिसते, पण मागच्या वेळी प्रिंट काळपट आले होते. स्क्रीन आणि कागद ताडून पाहायचे कसे, आणि छपाईला कोणती प्रत पाठवू?

उत्तर:

तीनही प्रतींचा एकेक तुकडा एकाच लहान प्रिंटवर काढून घ्या आणि निवड त्या कागदावर करा. स्क्रीनचा उपयोग प्रती तयार करण्यापुरता ठेवा. गेल्या वर्षी मावशीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी 12 बाय 18 इंचांचा फोटो काढायचा होता, तेव्हा मी याच पेचात सापडले होते, म्हणून त्याच फोटोच्या आधाराने सांगते.

मागचे प्रिंट काळपट येण्याचे कारण बहुधा फोटोत नसून लॅपटॉपच्या उजेडात असावे. स्क्रीन स्वतः प्रकाश टाकते, तर कागद खोलीत जेवढा उजेड असेल तेवढाच परत देतो. पूर्ण ब्राइटनेसवर काम केले की फोटो उजळच दिसतो, म्हणून आपण तो तसाच सोडून देतो, आणि कागदावर त्याच जागा अंधारतात. यावर माझा उपाय साधा आहे. रात्रीचा पिवळसर प्रकाश देणारी सोय आधी बंद करावी, लॅपटॉप खिडकीजवळ पण थेट ऊन पडणार नाही असा ठेवावा, स्क्रीनभर कोरे पांढरे पान उघडावे आणि शेजारी फोटोचा कोरा कागद धरावा. दोन्ही पांढरे सारख्या तेजाचे वाटेपर्यंत ब्राइटनेस कमी करत जावे. आमच्या इंदूरच्या घरी, सकाळी दहा-अकराच्या सुमारास, तो चाळीस टक्क्यांच्या आसपास येतो. या उजेडात मावशीचा मूळ फोटो पाहिला आणि तो किती गडद आहे ते प्रथमच कळले. पुढचे सगळे काम मी याच उजेडात केले. आमच्या बैठकीच्या भिंती शेंदरी आहेत आणि त्यांची झाक कागदावर पडते, त्यामुळे मी आतल्या पांढऱ्या खोलीत बसले.

एवढे करूनही स्क्रीन आणि कागद तंतोतंत जुळत नाहीत. चांगल्या स्क्रीनवर सर्वांत पांढरे आणि सर्वांत काळे यांत सुमारे हजार पटींचा फरक असतो, तर चकचकीत फोटो कागदावर तो साधारण शंभर ते दोनशे पटींचाच राहतो. शिवाय अतिशय झळाळणारे काही रंग कागदाला देताच येत नाहीत. मावशी राणी रंगाची महेश्वरी नेसली होती आणि तिचा पदर हीच फोटोतली सर्वांत अवघड जागा ठरली.

प्रत 1 म्हणजे मूळ फोटो. प्रत 2 मध्ये फोटो सुधारण्याच्या अ‍ॅपमधली उजेड बदलण्याची लेव्हल्स ही सोय उघडून तिचा मधला आकडा 1.00 वरून 1.15 केला. प्रत 3 मध्ये तेवढाच उजाळा दिला, पण फक्त राणी रंगाचा भडकपणा उतरवला. मूळ फोटोत पदरावर लाल रंगाचा आकडा जवळजवळ सगळीकडे 255 या कमाल मर्यादेला टेकला होता, म्हणजे त्या जागी कमी-अधिक असे काही उरलेच नव्हते. तो 235 च्या आसपास येईपर्यंत मी रंग खाली आणला. स्क्रीनवर प्रत 3 चा पदर मला फिका वाटला. नुसत्या डोळ्यांनी निवडायचे असते, तर मी निःशंकपणे प्रत 2 पाठवली असती.

चाचणीसाठी 6 बाय 4 इंचांची, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल या हिशेबाने 1800 बाय 1200 पिक्सेलची कोरी फाइल घेतली. प्रत्येक प्रत आधी अंतिम मापाला, म्हणजे 3600 बाय 5400 पिक्सेलला आणली आणि तिच्यातून 600 बाय 1200 चा उभा तुकडा कापला. तुकडा असा निवडला की त्यात केस, कपाळाचा थोडा भाग आणि पदर हे तिन्ही यावे. फोटो लहान करून घालू नका, कारण बारीक विणीवर रंग कसा उतरतो ते फक्त खऱ्या मापातच दिसते. तुकड्यांवर 1, 2, 3 असे आकडे टाकले आणि त्यांच्याच खालच्या कडेवर एक करडी पट्टी ठेवली, जिच्यात लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचे आकडे 128 आहेत. छापल्यावर ती हिरवट किंवा जांभळट दिसली, तर दोष फोटोत नसून मशीनमध्ये आहे. फाइल sRGB या नेहमीच्या रंगपद्धतीत जतन करावी. Adobe RGB या जास्त रंग मावणाऱ्या पद्धतीतली फाइल दिली आणि लॅबने तिचे प्रोफाइल, म्हणजे रंगपद्धत सांगणारी फाइलमधली नोंद, वाचले नाही, तर सगळे रंग मरगळलेले येतात.

प्रिंट आल्यावर खिडकीशी बसून, स्क्रीन बंद करून, दोन मिनिटे फक्त कागद पाहिला. स्क्रीन शेजारी चालू असली की नजर तिच्या पांढऱ्याला सरावते आणि कागद उगाचच मळका भासतो. तुकडा 1 मध्ये मावशीचा अंबाडा एक काळा गोळा झाला होता, त्यातली केसाची बटही वेगळी दिसत नव्हती. तुकडा 2 मध्ये केस सुटे झाले, पण पदर एकसंध गुलाबी पत्र्यासारखा आला होता. तुकडा 3 मध्ये केसही दिसत होते आणि पदरावरच्या चौकड्या, जरीची रेघ, एवढेच नव्हे तर घडीची सावलीही उतरली होती. फिका म्हणून मी ज्याला नाकारणार होते, तोच पदर कागदावर खऱ्या साडीच्या सर्वांत जवळ होता. साडी शेजारी पसरून मी ते ताडून पाहिले.

यानंतर एक चूक झाली, ती आपल्या हातून होऊ नये. मी प्रत 3 मोठ्या मापात काढायला दिली आणि चेहरा चाचणीपेक्षा पांढुरका आला. त्या लॅबची मशीन प्रत्येक फाइल पाहून स्वतःच उजेड आणि रंग सुधारत होती. एकाच फाइलमध्ये तीन तुकडे असले की सुधारणा तिघांना सारखीच लागते, म्हणून त्यांच्यातला फरक खरा दिसतो. पण अख्खा फोटो एकटा गेला की मशीन त्याच्यासाठी वेगळा हिशेब करते. हे ओळखण्यासाठी चाचणीच्या फाइलबरोबर निवडलेली प्रत पूर्ण चौकटीसह 4 बाय 6 मध्येही काढून घ्या. तिचा चेहरा आणि तुकड्यातला चेहरा वेगळा दिसला, तर सुधारणा चालू आहे असे समजा. काउंटरवर मी आता आधीच सांगते, “भैया, करेक्शन मत कीजिए, जैसी फाइल है वैसी ही निकालिए,” आणि तेच पाकिटावर लिहून घेते. कागदही चाचणीचाच मागावा, कारण चकचकीत कागदावरचा काळा मॅटवर राखाडी पडतो.

शेवटी, फोटो जिथे लावायचा आहे तिथे तो चाचणीचा तुकडा संध्याकाळी दिवे लावून एकदा धरून पाहा. पिवळ्या दिव्याखाली राणी रंग लालसर दिसतो आणि गडद जागा आणखी दाटतात. मावशीचा फोटो खिडकीसमोरच्या भिंतीवर लागणार होता म्हणून 1.15 पुरले. तो आमच्या अंधाऱ्या जिन्यात लावायचा असता, तर मी तो आकडा 1.25 केला असता आणि नवा तुकडा काढून पुन्हा तिथेच धरून पाहिला असता.