एपिस्टेमॉलॉजी म्हणजे काय?

एफवायबीएला तत्त्वज्ञान घेतलंय. एपिस्टेमॉलॉजी म्हणजे काय, सोप्या शब्दांत कुणी सांगेल का?

मराठीत ज्ञानमीमांसा. 'मला माहीत आहे' असं कधी म्हणता येतं, हे तपासणारी तत्त्वज्ञानाची शाखा.

समजा, वर्गातलं घड्याळ काल सकाळी १०:१० ला बंद पडलं. आज तुम्ही नेमकं १०:१० लाच त्याच्याकडे पाहिलंत. 'आत्ता १०:१० वाजलेत' हा तुमचा समज खरा आहे आणि त्याला आधारही आहे; घड्याळ बघूनच तर आपण वेळ सांगतो. तरी तुम्हाला वेळ 'माहीत' होती असं म्हणवत नाही, कारण ती योगायोगाने जुळली. 'आधार असलेला खरा समज म्हणजे ज्ञान' ही जुनी व्याख्या इथेच अडते. अमेरिकी तत्त्वज्ञ एडमंड गेटिअर यांनी १९६३ मध्ये अवघ्या तीन पानी लेखात अशाच धाटणीची दोन उदाहरणं देऊन ती अपुरी ठरवली. मग आणखी काय हवं, यावर अजून वाद चालू आहे.