रिअ‍ॅक्शन शीट बनवताना कंडिशनचा कॉलम रिकामा सोडू नकोस

अरे, तुझी शीट बघितली, ग्रुपिंग ठीक आहे, पण बाणावर नुसतं KOH लिहून सोडलंयस ना, तिथेच गडबड होणार बघ. मी पण पहिल्या वर्षी असंच केलेलं आणि पेपरात अल्कोहोलच्या जागी अल्कीन काढून आलो.

आता 2-ब्रोमोब्यूटेन घे. पाण्यातलं KOH टाकून गरम केलं की Br जातो, त्या जागी OH येतो, म्हणजे ब्यूटेन-2-ऑल, हे गेलं सब्स्टिट्यूशनच्या पानावर. तेच KOH इथेनॉलमध्ये विरघळवून तापवलं तर Br सोबत शेजारच्या कार्बनवरचा H पण जातो आणि डबल बाँड तयार होतो, हे एलिमिनेशनचं पान. रिएजंट सेम, पान वेगळं! म्हणून दोन्ही पानांवर एकमेकांचा उल्लेख कर, "सॉल्व्हंट बघ" एवढं लिहिलं तरी चालतं.

आणि प्रॉडक्टच्या कॉलममध्ये एकच नाव लिहून मोकळा होऊ नकोस, कारण इथे H दोन बाजूंनी जाऊ शकतो, मग ब्यूट-2-ईन जास्त मिळतं (डबल बाँडवर अल्किल ग्रुप जास्त, म्हणून ते जास्त स्थिर) आणि ब्यूट-1-ईन कमी. "मुख्य" आणि "कमी" असं लिही.

अजून एक, खरं तर दोन्ही रिअ‍ॅक्शन एकाच वेळी थोड्याफार होतातच, शीटवर फक्त जास्त होणारी लिहितो आपण. टर्शरी हॅलाइड असेल तर एलिमिनेशनकडे झुकाव आणखी वाढतो, ते कोपऱ्यात पेन्सिलीने टाक. बाकी रंगीत पेनं वगैरे नंतर बघ रे.