पाकिटावरच्या पोषण तक्त्याचा फोटो टेबलात उतरवताना

आधी फोटो नीट घे. पाकीट हाताने ताणून सपाट कर आणि फ्लॅश बंद ठेव, कारण चकाकीत सगळ्यात आधी दशांश चिन्ह गायब होतं.

नवखे हमखास फसतात ते दुसऱ्या रकान्यात. आपल्याकडच्या पाकिटांवर तो बहुतेकदा प्रति सर्व्हिंग ग्रॅमचा नसतो, दिवसाच्या शिफारशीच्या टक्केवारीचा (%RDA) असतो. ते आकडे ग्रॅम समजून उतरवले की संपलंच. प्रति सर्व्हिंग रकाना आपणच काढायचा: १०० ग्रॅमचा आकडा × सर्व्हिंगचं वजन ÷ १००.

समज, चिवड्याचं पाकीट आहे, सर्व्हिंग ३० ग्रॅमची:

| घटक | १०० ग्रॅम | ३० ग्रॅम |
|---|---|---|
| ऊर्जा (kcal) | ५३८ | १६१.४ |
| प्रथिने (g) | १२ | ३.६ |
| कर्बोदके (g) | ४६ | १३.८ |
| – साखर (g) | ४ | १.२ |
| मेद (g) | ३४ | १०.२ |
| सोडियम (mg) | ७२० | २१६ |

आता १०० ग्रॅमच्या ऊर्जेचा पडताळा. प्रथिने आणि कर्बोदके गुणिले ४, मेद गुणिले ९: ४८ + १८४ + ३०६ = ५३८. जुळलं. मेद चुकून ३.४ वाचला असता, तर बेरीज २६२.६ आली असती आणि चूक तिथेच पकडली गेली असती. चार-पाच कॅलरींचा फरक सोडून दे, तो राउंडिंगचा. साखर मात्र वेगळी मिळवू नकोस, ती कर्बोदकांतच धरलेली असते.

सोडियमला हा पडताळा लागू नाही. त्यासाठी टक्केवारी कामी येते: शिफारस २००० मिलिग्रॅमची, म्हणजे २१६ ला साधारण ११% छापलेलं दिसायला हवं.

तंतुमय पदार्थ आणि साखरेऐवजी वापरतात ते पॉलिऑल यांचं गणित सध्या बाजूला ठेव.