‘निष्काळजीपणामुळे’ हा शब्द आधी खोडा : लॅबमधल्या नियर-मिस रिपोर्टविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तरी नियर-मिस रिपोर्ट लिहायचा का? (निपाणी)

हो. खरचटलं असतं तर त्याला अपघात म्हटलं असतं.

प्रश्न : आमच्या फाउंड्रीच्या लॅबचा रिपोर्ट ऑडिटरने ‘न्यूट्रल नाही, अपूर्ण आहे’ म्हणून परत पाठवला. मजकूर असा : ‘शनिवारी संध्याकाळी हेल्परच्या निष्काळजीपणामुळे वेस्टच्या बाटलीत चुकीचे आम्ल ओतले गेले व बाटलीचा स्फोट झाला. सुदैवाने हानी टळली. संबंधितास कडक समज देण्यात आली आहे.’ यात चुकलं काय? (उद्यमबाग, बेळगाव)

असे रिपोर्ट माझ्याकडे येतच असतात. कारखाना बदलतो, वाक्य तेच असतं, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो. तुमच्या केमिस्टशी मी फोनवर अर्धा तास बोललो. त्या अर्ध्या तासात कळलेलं जवळजवळ काहीच तुमच्या रिपोर्टात नाही.

आधी शब्द बघू. ‘स्फोट’ झालेला नाही. बाटली अखंड आहे, झाकण उडालं आणि थोडा द्रव ट्रेमध्ये सांडला. ‘चुकीचे आम्ल’ हा निवाडा झाला. कुठलं आम्ल, किती, कुठल्या बाटलीतून, हे लिहायचं होतं. ‘ओतले गेले’ तर मला सगळ्यात खटकतं. कर्ता पुसला की वाक्य तटस्थ होतं, असा समज आहे. पण इथे कर्ता पुसून वर ‘हेल्परच्या निष्काळजीपणामुळे’ जोडलं आहे, म्हणजे कृती कुणाचीच नाही आणि दोष मात्र एकाचा. याच्या उलट करा. कर्ता लिहा, पण त्याच्या कामाच्या नावाने : ‘हेल्परने ओतले’. दोष मात्र अजिबात लिहू नका. आपल्या भाषेत ‘सांडलं’ आणि ‘सांडवलं’ यात एका अक्षराचा फरक आहे, पण त्या अक्षरात माणूस आरोपी होतो. कुणी पाहिलं नसेल तर ‘सांडलेले आढळले’ एवढंच म्हणायचं. आणि ‘काळजी घ्यायला हवी होती’ हे न घडलेल्या गोष्टीचं वर्णन आहे. घटनाक्रमात फक्त घडलेलं येतं.

आता जे कळलं ते. सूक्ष्मदर्शकाखाली लोखंडाची रचना दिसावी म्हणून नमुन्याला नायटल लावतात, म्हणजे अल्कोहोलमध्ये दोन-तीन टक्के नायट्रिक आम्ल. हे वापरलेलं नायटल तुमच्याकडे अडीच लिटरच्या काचेच्या बाटलीत साठतं. शनिवारी त्यात सुमारे दीड लिटर होतं. केमिस्ट रजेवर होते. टेबल आवरताना हेल्परने ड्रॉपिंग बाटलीत उरलेलं सुमारे १०० मिली तीव्र नायट्रिक आम्ल त्याच बाटलीत ओतलं आणि झाकण घट्ट लावलं. जुनं नायटल ३ टक्के धरलं, तर कागदावर आम्लाचं प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास जातं. पाच टक्क्यांच्या वरचं नायटल बंद बाटलीत ठेवायचं नाही, हे धातुशास्त्राच्या लॅबमध्ये जुनं शहाणपण आहे. नायट्रिक आम्ल अल्कोहोलचं ऑक्सिडेशन करतं, वायू आणि उष्णता तयार होते. ही क्रिया कधीकधी तासन्‌तास गप्प बसते आणि मग एकदम वेग घेते. ओतताना काहीच होत नाही, म्हणून ओतणाऱ्यालाही काही वाटत नाही.

घटनाक्रम मी असा लिहीन :

‘शनिवारी सायं. सुमारे ६.२० वा. हेल्परने ड्रॉपिंग बाटलीतील अंदाजे १०० मिली तीव्र नायट्रिक आम्ल “वेस्ट” असे लेबल असलेल्या बाटलीत ओतले (हेल्परचे निवेदन). बाटलीत अंदाजे १.५ लिटर वापरलेले नायटल होते. हेल्परने झाकण घट्ट लावून बाटली टेबलाखालच्या कपाटात, ट्रेमध्ये ठेवली. सायं. ६.४० वा. एक्झॉस्ट पंखा बंद करून लॅबला कुलूप लावले. रविवारी लॅब बंद होती. सोमवारी स. ८.१० वा. लॅब असिस्टंटने कुलूप उघडले, तेव्हा कपाटाचे दार उघडे, झाकण सुमारे दोन मीटरवर जमिनीवर आणि ट्रेमध्ये द्रव आढळला. असिस्टंट आत न जाता बाहेर थांबल्या व त्यांनी सुपरवायझरला फोन केला. झाकण उडाल्याची वेळ माहीत नाही : शनिवार सायं. ६.४० ते सोमवार स. ८.१० च्या दरम्यान. त्या वेळी लॅबमध्ये कोणी नव्हते, इजा नाही.’

वेळ माहीत नसेल तर तसं लिहायला लाजू नका. ‘संध्याकाळी’ म्हणून झाकून टाकलं की वाचणाऱ्याला वाटतं, ओतलं आणि लगेच उडालं. मग दीड दिवसाचं अंतर, म्हणजे या घटनेतली सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट, रिपोर्टातून गायब होते. ‘सुदैवाने’सुद्धा काढा. रविवार होता म्हणून कोणी नव्हतं, हे साधं कारण आहे. हेच मंगळवारी सकाळी घडलं असतं तर त्या कपाटासमोर माणूस बसलेला असता. ‘काय होऊ शकलं असतं’ हे वेगळ्या रकान्यात एका वाक्यात लिहावं, घटनाक्रमात मिसळू नये.

पुढचा भाग परिस्थितीचा. हेल्परने झाकण घट्ट का लावलं, हे तुम्ही विचारलंच नव्हतं. मी विचारलं. घटनेच्या तीन दिवस आधी शेजारच्या इन्स्पेक्शन खोलीतून वासाची तक्रार आली होती आणि ‘बाटल्यांची झाकणं घट्ट लावा’ असं तोंडी सांगितलं गेलं होतं. त्याने सांगितलेलंच केलं! आम्लाच्या कचऱ्याचा वेगळा कॅन काठोकाठ भरलेला होता, कारण तो उचलणारी गाडी ठरल्या तारखेला आली नव्हती. बाटलीवर फक्त ‘वेस्ट’ लिहिलं होतं. आत काय आहे आणि काय टाकू नये हे नव्हतं. रजेवर जाताना केमिस्टने काम कुणाकडे आणि काय सांगून सोपवलं, याची नोंद नाही. या चार गोष्टी तशाच, विशेषणं न लावता, प्रत्येकीपुढे ती कशावरून कळली हे नोंदवून लिहा. रासायनिक कारण मात्र ‘संभाव्य’ म्हणूनच लिहा. माझा ९ टक्क्यांचा हिशोब अंदाजांवर उभा आहे, अनुभवी केमिस्टने तो तपासल्याशिवाय वापरू नका.

राहिली ‘कडक समज’. पुढच्या वर्षी नवा हेल्पर येईल, त्याला ही समज मिळालेली नसेल, बाटली मात्र तीच असेल. वरच्या प्रत्येक परिस्थितीपुढे एक उपाय, तो करणाऱ्याचं पद, तारीख आणि झाला हे कसं कळणार, एवढं हवं. उदाहरणार्थ : नायटल दिवसाच्या गरजेपुरतंच बनवायचं, म्हणजे साठा मुळातच कमी राहतो. वापरलेल्या नायटलच्या बाटलीला वायू बाहेर सोडणारं झाकण लावायचं आणि ती चालू एक्झॉस्टखाली ठेवायची. वासाची तक्रारही त्यानेच मिटेल. तीव्र आम्लासाठी वेगळा कॅन, आणि तो तीन-चतुर्थांश भरला की स्टोअरने गाडी बोलवायची. लेबल कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हीत. प्रशिक्षण शेवटी, यांच्या जोडीला. कचरा कसा वेगळा ठेवायचा आणि कुणाला द्यायचा, हे प्रदूषण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेला आणि तुमच्या सेफ्टी ऑफिसरला विचारूनच ठरवा. फुगलेली किंवा फसफसणारी बाटली दिसली तर झाकण सैल करायला कुणीही पुढे जायचं नाही. बाहेर पडून त्यांना बोलवायचं.

एक राहिलं. जुना रिपोर्ट फाडू नका. नवा ‘सुधारित प्रत’ म्हणून तारीख टाकून त्याला जोडा आणि हेल्परला वाचून दाखवून त्याची सही घ्या. त्याला एखादं वाक्य मान्य नसेल तर तेही लिहा.

प्रश्न : रिपोर्ट मराठीत लिहावा, कन्नडमध्ये की इंग्रजीत? (खानापूर)

ज्याने पाहिलं त्याचं निवेदन त्याच्या भाषेत, त्याच्याच शब्दांत. अंतिम प्रत तुमच्या व्यवस्थापनाला आणि सरकारी कार्यालयाला लागते त्या भाषेत. वरच्याच घटनेत वॉचमनने रविवारी सकाळी लॅबकडून ‘सप्पळ’ ऐकू आल्याचं सांगितलं होतं. आपल्याकडच्या कन्नडमध्ये सप्पळ म्हणजे नुसता आवाज. मराठीत येईपर्यंत त्याचा ‘स्फोट’ झाला, आणि सकाळची ती वेळ कुणी टिपून घेतलीच नाही. त्याचं निवेदन आता घेतलं तर वेळेची फट बरीच अरुंद होईल. दोन्ही भाषा येणाऱ्या, पण घटनेत नसलेल्या माणसाकडून भाषांतर तपासून घ्या.

प्रश्न : एक कन्सल्टंट म्हणतो, ८८ टक्के अपघात माणसाच्या चुकीनेच होतात. त्याचं ‘ऑडिट-रेडी’ नियर-मिस फॉरमॅट विकत घ्यावं का? (चिकोडी, साखर कारखान्याची लॅब)

घेऊ नका. हा ८८ चा आकडा विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिक या अमेरिकी माणसाने १९३१ च्या पुस्तकात लिहिला. त्याचा आधार विम्याचे दावे आणि कारखान्यातल्या सुपरवायझरांचे रिपोर्ट. म्हणजे ‘कामगाराची चूक’ असं सुपरवायझरांनी लिहिलं आणि तेच मोजून टक्केवारी निघाली. मूळ कागद आज तपासायलाही उपलब्ध नाहीत. पण हा आकडा सांगून फॉरमॅट विकणारे मात्र दर पावसाळ्यात उगवतात. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात कारणाच्या रकान्यात पर्यायच तीन आहेत : दुर्लक्ष, नियमभंग, अननुभव. असा रकाना भरल्यावर झाकण घट्ट लावायची तोंडी सूचना कुठे लिहाल? कोऱ्या कागदावर वेळ, काय घडलं, कशावरून कळलं असे तीन रकाने आखा आणि तुमच्या सेफ्टी ऑफिसरला दाखवा.

प्रश्न : घटनेला तीन आठवडे झाले. आता लिहिलं तर ‘उशीर का’ असं विचारतील. मागची तारीख टाकावी का? (संकेश्वर)

मुळीच नाही. घटनेची तारीख खरी, लिहिल्याची तारीख खरी, उशिराचं कारण एका ओळीत. तीन आठवड्यांत माणसं आपसात बोलून एकच गोष्ट सांगू लागतात, म्हणून प्रत्येकाला वेगळं बसवून विचारा. कुलुपाची वही, हजेरी, फोनमधल्या फोटोंची वेळ याच्याशी ताडा, आणि जुळत नसेल तर दोन्ही नोंदी ठेवा. इजा नसतानाही काही ‘धोकादायक घटना’ सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक असतं. तुमची घटना त्यात बसते का, हे कारखाने खात्याच्या कार्यालयात आजच विचारा. पुढच्या सोमवारी नको.

प्रश्न : पितळेचा नमुना नायट्रिकमध्ये विरघळवताना फ्यूम हूड बंद होता. तपकिरी धूर थोडा नाकात गेला. रिपोर्टात ‘नियर-मिस, इजा नाही’ लिहिलं. रात्रीपासून खोकला आहे, बाकी ठीक. रिपोर्ट बदलायला लागेल का? (बेळगाव)

रिपोर्ट राहू द्या, आधी दवाखान्यात जा, आणि तेही हे वाचल्या वाचल्या. तो तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा. सुरुवातीला फारसा त्रास न देता काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरू शकतं. डॉक्टरांना ‘नायट्रिक आम्लाचा तपकिरी धूर’ हेच शब्द सांगा, नुसता ‘खोकला’ म्हणून औषध घेऊन येऊ नका. एकटे गाडी चालवत जाऊ नका. मेडिकल दुकानातून सिरप तर नकोच. परत आल्यावर ‘इजा नाही’ ही ओळ खोडायची आणि खोकला किती वाजता सुरू झाला ते तिथे लिहायचं.