ताप उतरला, पण प्लेटलेट घसरल्या

प्रश्न: भावाचा पाच दिवसांचा ताप आज उतरला, पण प्लेटलेट ६०,००० आल्यात. डेंग्यू की मलेरिया? घरी थांबलं तर चालेल?

उत्तर: थांबू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. प्लेटलेट दोन्ही आजारांत घसरतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही. हुडहुडी भरून ताप, मग दरदरून घाम आणि एक दिवसाआड पुन्हा तेच, हा मलेरियाचा ठरलेला क्रम. पण फाल्सिपेरम या मलेरियाच्या गंभीर प्रकारात तो बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून मलेरियासाठी रक्ताचा स्मिअर, आणि डेंग्यूसाठी एनएस-१ सोबत आयजीएमही करा. पाचव्या दिवसानंतर एकटी एनएस-१ निगेटिव्ह येऊ शकते.

डेंग्यूत खरा धोका ताप उतरतानाच सुरू होतो. पुढचे २४ ते ४८ तास रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपू शकतं. रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के आहेत, ते बघा: आधी ४० होतं आणि आज ४८ असेल, तर रक्त घट्ट होतंय. प्लेटलेटइतकंच हेही महत्त्वाचं.

पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शी, गार हातपाय, कमी लघवी, धाप, गुंगी किंवा बरळणं, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा. दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन मात्र देऊ नका, रक्तस्राव वाढतो.